सुटलेली गोळी जाते कुठे?

मोबाइलवरचा एखादा साधा गोळीबाराचा गेम डोळ्यांसमोर आणा. पडद्याच्या तळाशी आपलं यान, वरून उतरणारी शत्रूची यानं, आणि बोट दाबून धरलं की सुटणारी गोळ्यांची सरबत्ती. गोळी शत्रूला लागली की काय होतं ते सगळ्यांनाच दिसतं. स्फोट होतो, आवाज येतो, गुण वाढतात. न लागलेली गोळी वरच्या कडेपलीकडे निघून जाते आणि खेळणारा तिला तिथल्या तिथे विसरतो. गेम लिहिणाराही तिला विसरला असेल, तर ती पडद्याबाहेर गेली तरी गेममध्ये जिवंतच राहते. तिचा वेग शाबूत असतो, दिशा शाबूत असते, आणि गेम सेकंदाला साठ वेळा तिला पुढे सरकवत राहतो.

किती पुढे? अशा गेमचा पडदा उंचीला दहा एकक धरू आणि गोळीचा वेग सेकंदाला बारा एकक. म्हणजे सेकंदभरात गोळी पडदा ओलांडते. तासाभरापूर्वी सुटलेली गोळी आता ४३,२०० एकक दूर आहे, एकावर एक रचलेल्या चार हजारांहून जास्त पडद्यांच्या पलीकडे. तिथे शत्रू नाही, भिंत नाही, तिला अडवणारं काहीच नाही. तिच्या मागे तिच्यासारख्याच हजारो गोळ्यांची रांग आहे.

‘पहिली दहा मिनिटं गेम छान चालतो, मग फोन तापतो, गेम अडखळतो आणि शेवटी आपोआप बंद पडतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा या रांगेत सापडतं. गेम बनवणाऱ्यांच्या बोलण्यात याला मेमरी लीक म्हणतात. खरं तर इथे काहीच गळत नाही, नुसतं साठत जातं.

चूक कुठे होते ते पाहण्यासाठी युनिटी हे गेम-इंजिन घेऊ, कारण मोबाइल गेमसाठी ते फार वापरलं जातं. युनिटीत गोळीचा एक नमुना तयार करून ठेवतात, त्याला प्रीफॅब म्हणतात. गोळी झाडायची म्हणजे त्या नमुन्याची एक प्रत काढायची. तो कोड एका ओळीचा असतो, आणि गोळी लागल्यावर ती नष्ट करण्याचा कोडही तेवढाच छोटा:

```csharp
// यानाच्या स्क्रिप्टमध्ये
Instantiate(bulletPrefab, muzzle.position, muzzle.rotation);

// गोळीच्या स्क्रिप्टमध्ये
void OnTriggerEnter2D(Collider2D other)
{
    Destroy(gameObject);
}
```

कोड वाचला तर चूक दिसत नाही. गोळी जन्मते, कशावर तरी आदळते, संपते. कशावरच न आदळणाऱ्या गोळीसाठी मात्र एकही ओळ नाही. शिवाय ही चूक दडून बसते, कारण लिहिणारा स्वतः खेळून पाहतो तो दोन-तीन मिनिटं, आणि तेवढ्यात काहीच बिघडत नाही. गेम टप्प्याटप्प्यांचा असेल तर ती आणखी खोल दडते. पुढचा टप्पा उघडताना युनिटी सहसा आधीचा अख्खा देखावा मोडून टाकते, त्यात भटकलेल्या गोळ्याही जातात आणि हिशेब पुन्हा शून्यावर येतो. हाच गेम ‘अखंड’ प्रकारात, म्हणजे हरेपर्यंत एकच देखावा चालू, असा खेळला की साठा वाढत जातो. त्यामुळे सगळ्यात निष्ठेने, सगळ्यात जास्त वेळ खेळणाऱ्यालाच ही चूक भोवते. त्याच्या तक्रारीवर ‘आमच्याकडे तर नीट चालतं’ असं उत्तर मिळतं, आणि उत्तर देणारा खोटं बोलत नसतो.

आता आकडे मांडू. आपलं यान सेकंदाला पाच गोळ्या झाडतं आणि चारातली एक लागते. समोर सतत दहा शत्रू आहेत आणि प्रत्येक जण सेकंदाला एक गोळी टाकतो. खेळणारा निष्णात असल्यामुळे त्या जवळपास सगळ्या चुकवतो. म्हणजे दर सेकंदाला आपल्या पावणेचार आणि शत्रूच्या दहा, मिळून पावणेचौदा गोळ्या वाऱ्यावर जातात. मिनिटाला ८२५, तासाला ४९,५००. यात एक गमतीचा भाग आहे. खेळणारा जितका तरबेज, तितका तो शत्रूच्या गोळ्या जास्त चुकवणार आणि तितका त्याचा फोन लवकर दमणार.

एक गोळी मेमरीत किती जागा घेते? तिचं चित्र सगळ्या गोळ्यांमध्ये सामाईक असतं, ते दर वेळी नव्याने भरलं जात नाही. प्रत्येक गोळीचं स्वतःचं असं जे असतं ते म्हणजे तिची जागा, वेग, टक्कर ओळखणारा आकार, चित्र काढणारा घटक आणि स्क्रिप्ट. हे सगळं मिळून ढोबळमानाने दोन किलोबाइट धरू. तासाभराच्या ४९,५०० गोळ्यांचे जेमतेम शंभर मेगाबाइट होतात. बेताच्या फोनवर ते नकोसे असले तरी एवढ्याने गेम लगेच कोसळणार नाही.

त्याआधी दुसरी गोष्ट कोसळते. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात प्रत्येक जिवंत गोळीची स्क्रिप्ट एकदा चालली पाहिजे. एका गोळीचं काम एका मायक्रोसेकंदात उरकतं असं धरलं, तर १६,७०० गोळ्या तो सगळा वेळ खाऊन टाकतात. बाकीच्या गेमला काहीच उरत नाही. आपल्या हिशेबात ही संख्या विसाव्या मिनिटाच्या आसपास गाठली जाते. म्हणजे मेमरीचा आकडा घाबरवण्याइतका वाढण्याआधीच गेम जड होतो, प्रोसेसर सतत राबतो आणि फोन तापतो. ‘मेमरी वाढतेय’ अशी तक्रार खेळणारा कधीच करत नाही. तो म्हणतो, ‘हँग होतंय.’

गोळी सजवलेली असेल तर मात्र मेमरीचाही बळी लवकर जातो. मागे प्रकाशाची शेपटी, स्वतःचा आवाज, प्रत्येक गोळीला वेगळा रंग अशी हौस केलेली असते. रंगाचा मामला विशेष फसवा आहे. युनिटीत `renderer.material` असं लिहून रंग बदलला की इंजिन गुपचूप त्या वस्तूसाठी मटेरियलची वेगळी प्रत बनवतं. पुढे गोळी नष्ट केली तरी ती प्रत नष्ट होत नाही, ती वेगळी नष्ट करण्याची जबाबदारी कोड लिहिणाऱ्याची असते. त्यामुळे पडद्यावर एकही गोळी उरलेली नसताना मेमरीत हजारो मटेरियलं पडून आहेत, असंही घडतं.

अँड्रॉइडची मेमरी आटत चालली की यंत्रणा आधी पार्श्वभूमीतली ॲप बंद करत सुटते. गेम खेळताना मागे दुसऱ्या ॲपवर चालू असलेलं गाणं अचानक थांबतं ते पुष्कळदा याचमुळे. समोरच्या ॲपचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, पण लागतो. त्या वेळी कुठलाही संदेश न येता गेम नाहीसा होतो आणि फोनचा मुख्य पडदा दिसतो.

इथे एक शंका रास्त आहे. युनिटीतला कोड सी-शार्प या भाषेत लिहितात आणि त्या भाषेत न लागणारी मेमरी आपोआप झाडून काढणारा गार्बेज कलेक्टर असतो. मग तो या गोळ्या का उचलत नाही? कारण त्याच्या नियमानुसार त्या कचरा नाहीतच. ज्या वस्तूपर्यंत गेममधून कुठूनही पोचता येत नाही, तीच त्याच्या लेखी कचरा. भटकलेली गोळी देखाव्याच्या यादीत नोंदलेली आहे, इंजिन तिला दर फ्रेमला हाक मारतं आणि ती ओ देते. ती कुणाला हवी आहे का, हा प्रश्न कलेक्टरला पडत नाही. मेमरी आपोआप सांभाळणाऱ्या भाषांवर विसंबलेले नवशिके इथेच चकतात, कारण गोळी कधी संपली हे फक्त गेमचा नियम ठरवू शकतो आणि तो कुणीतरी लिहावा लागतो.

शोध घ्यायला फार मोठी विद्या लागत नाही. युनिटीच्या खिडकीत डाव्या बाजूला Hierarchy नावाची यादी असते, त्यात देखाव्यातली प्रत्येक वस्तू दिसते. गेम चालू करून गोळीबार केला की तिथे `Bullet(Clone)`, `Bullet(Clone)`, `Bullet(Clone)` अशा ओळी एकाखाली एक येतात. गोळीबार थांबवून पाच सेकंद थांबायचं. निरोगी गेममध्ये ही यादी रिकामी होते. आजारी गेममध्ये ती तशीच राहते आणि खाली सरकवत बसलं तरी संपत नाही. माझ्या मते पहिली तपासणी हीच करावी, भारी साधनं नंतर.

त्यानंतर मेमरी प्रोफायलर. पाचव्या मिनिटाला मेमरीचं एक चित्र घ्यायचं, पंचविसाव्या मिनिटाला दुसरं, आणि दोन्ही शेजारी ठेवून कोणत्या जातीच्या वस्तू वाढल्या ते पाहायचं. प्रत्यक्ष फोनवर हीच चौकशी संगणकाला केबल जोडून एका आज्ञेने करता येते:

```
adb shell dumpsys meminfo com.example.game
```

शेवटचं नाव आपल्या गेमचं. दर पाच मिनिटांनी ही आज्ञा देऊन एकूण मेमरीचा आकडा लिहून ठेवला की आलेख हाताने काढता येतो. सुरुवातीला तो चढणारच, कारण चित्रं आणि आवाज पहिल्यांदा लागतील तसे मेमरीत येतात. पुढे तो सपाट झाला तर ठीक. तो दर मिनिटाला सारख्याच मापाने चढत राहिला आणि गोळीबार थांबवल्यावर चढणंही थांबलं, तर आरोपी सापडला. खाली उतरण्याची वाट मात्र पाहू नये. सी-शार्पच्या बाजूला एकदा वाढवून घेतलेली मेमरी युनिटी सहसा लगेच परत करत नाही, त्यामुळे दुरुस्तीनंतरही आकडा वरच अडकलेला दिसतो आणि माणूस उगाच हताश होतो. मेगाबाइटपेक्षा वस्तूंची संख्या जास्त खरं बोलते.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे गोळीला मरण लिहून देणं. सगळ्यांना चटकन सुचणारा मार्ग असा की गोळी दिसेनाशी झाली की युनिटी `OnBecameInvisible` ही सूचना देते, तिथेच ती नष्ट करावी. यात दोन खाचा आहेत. गोळी जन्मलीच पडद्याबाहेर आणि कधी दिसलीच नाही, तर ती ‘दिसेनाशी’ही होत नाही, म्हणून सूचना येत नाही. अजून न अवतरलेल्या शत्रूने वरून झाडलेली आणि बाजूने निघून गेलेली गोळी अशीच निसटते. दुसरी खाच लिहिणाऱ्याच्या संगणकावरची. तिथे गेमच्या पडद्याशेजारी संपादनाची खिडकी उघडी असते आणि तिच्यात दिसणारी गोळीही इंजिनच्या लेखी ‘दिसते’च. मग तीच गोळी संगणकावर एक वागते आणि फोनवर दुसरं. त्यापेक्षा साधा नियम बरा. गोळी ठराविक सीमेबाहेर गेली, किंवा जन्मून चार सेकंद झाले, यातलं जे आधी घडेल तेव्हा ती संपली.

एवढं केलं की साठा वाढणं थांबतं. हे ठासून सांगायला हवं, कारण ‘पूल लावा म्हणजे लीक जाईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. साठा थांबतो तो गोळी संपवण्याने. पूल सोडवतो तो दुसरा त्रास. दर सेकंदाला पंधरा वस्तू बनवणं आणि पंधरा मोडणं यात वेळ जातो, त्यातून उरलेला कचरा साचतो, आणि कलेक्टर तो काढायला आला की गेमला क्षणभर ठेच लागते. मेमरीचा आलेख तेव्हा करवतीच्या दातांसारखा दिसतो.

पूल म्हणजे गावच्या मंडळाकडे असलेली लग्नकार्याची भांडी. कार्य निघालं की मोजून न्यायची, झालं की घासून मोजून परत द्यायची, दर लग्नाला नवी भांडी कुणी विकत घेत नाही. गोळ्यांचंही तसंच. काही गोळ्या आधी बनवून निजवून ठेवायच्या, झाडायची वेळ आली की एक उठवायची, काम झालं की पुन्हा निजवायची. रॉबर्ट नायस्ट्रॉम यांच्या ‘गेम प्रोग्रॅमिंग पॅटर्न्स’ या पुस्तकात या युक्तीवर स्वतंत्र प्रकरण आहे. २०२१च्या आवृत्त्यांपासून युनिटीत ती तयारच मिळते:

```csharp
pool = new ObjectPool<Bullet>(
    () => Instantiate(bulletPrefab),
    b => b.gameObject.SetActive(true),
    b => b.gameObject.SetActive(false),
    b => Destroy(b.gameObject),
    true, 64, 200);
```

पहिल्या चार ओळी अनुक्रमे नवी गोळी कशी बनवायची, देताना काय करायचं, परत घेताना काय करायचं आणि जादा झालेली कशी मोडायची ते सांगतात. शेवटचे दोन आकडे मात्र चांगल्या-चांगल्यांना फसवतात. ६४ लिहिलं म्हणजे चौसष्ट गोळ्या आधीच तयार झाल्या, असं वाटतं. तसं होत नाही, तेवढ्या ठेवायला फक्त जागा राखली जाते. गोळ्या खरोखर आधी हव्या असतील तर सुरुवातीलाच तितक्या मागून घेऊन परत कराव्या लागतात. आणि २०० लिहिलं म्हणजे दोनशेच्या वर गोळ्या होणारच नाहीत, असंही नाही. ती मर्यादा निजलेल्या गोळ्यांची आहे. पूल रिकामा असताना गोळी मागितली की तो मुकाट्याने नवी बनवून देतो, कितीही वेळा. म्हणून परत करण्याची ओळ राहून गेली असेल, तर पूल लावूनही गेम पूर्वीइतकाच फुगतो. मंडळाने भांडी देत जावीत आणि परत आली का ते कुणी विचारू नये, तसं.

बाहेर किती गोळ्या आहेत ते पूल `CountActive` या आकड्यात सांगतो. तो पडद्याच्या कोपऱ्यात छापून ठेवला तर दुसरं काही तपासावंही लागत नाही. तो किती असायला हवा, हे तोंडी हिशेबाने काढता येतं: सेकंदाला किती गोळ्या सुटतात, गुणिले एक गोळी सरासरी किती सेकंद जगते. आपल्या यानाच्या पाच गोळ्या प्रत्येकी सेकंदभर जगतात, म्हणजे पाच. शत्रूच्या गोळ्या हळू, सेकंदाला चार एकक, म्हणजे पडदा ओलांडायला अडीच सेकंद, आणि त्या सुटतात सेकंदाला दहा, म्हणजे पंचवीस. मिळून तीस. ज्या गेममध्ये तासाला साडेएकोणपन्नास हजार गोळ्या साठत होत्या, त्याला कुठल्याही क्षणी लागतात तीस. कोपऱ्यातला आकडा तिसाच्या आसपास डोलत राहिला तर सगळं ठीक. दहा मिनिटांनी तो चारशेवर असेल तर कुठली तरी गोळी घरी परतत नाहीये.

पूल लावल्यावर नव्या तऱ्हेच्या चुका येतात आणि त्या जरा भुताटकीसारख्या वाटतात. जुनी गोळी नव्या नावाने उठते तेव्हा तिचा मागच्या जन्मीचा वेग पुसला नसेल तर ती भलतीकडे जाते. प्रकाशाची शेपटी साफ केली नसेल तर जिथे ती संपली होती तिथपासून यानापर्यंत पडदाभर एक लखलखीत रेघ उमटते. चार सेकंदांनी मरण्याचा गजर `Invoke` वापरून लावला असेल आणि परत करताना तो रद्द केला नसेल, तर गोळी निजली तरी गजर चालूच राहतो. मग पुढच्या जन्मी ती शत्रूपासून हातभर अंतरावर असताना अकारण नाहीशी होते. आणि जुन्या स्क्रिप्टमधली `Destroy` ची ओळ तशीच राहिली, तर पूल एक दिवस मेलेलीच गोळी हातात ठेवतो आणि गेम त्रुटी फेकतो. त्यामुळे गोळी परत करण्याची वाट एकच ठेवावी, एकच फंक्शन, आणि आदळणं, सीमा ओलांडणं, वेळ संपणं या सगळ्यांनी तिथूनच जावं.

शेवटचा प्रश्न उरतो. तीसच्या जागी कधी तीनशे गोळ्या मागितल्या गेल्या तर? पूलला नवी बनवू द्यायची, सगळ्यात जुनी ओढून आणायची, की नाही म्हणायचं? जुन्या आर्केड यंत्रांपुढे निवड फारशी नव्हती. टाइटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये बनवलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या यंत्रात चित्र सोडून बाकी सगळ्या नोंदींसाठी एक किलोबाइट मेमरी होती. त्यात खेळणाऱ्याची एका वेळी एकच गोळी हवेत असू शकते. नेम चुकला तर ती वरपर्यंत जाऊन संपेस्तोवर तोफ गप्प. पुढच्या वर्षीच्या अटारीच्या ‘ॲस्टरॉइड्स’मध्ये ही मुभा चार गोळ्यांची झाली. तिथे चुकलेल्या नेमाची किंमत खेळणारा त्याच क्षणी मोजत होता, आणि म्हणून गोळी जपून झाडत होता. आजच्या फोनवर तशी सक्ती नाही, पण झाडण्याआधी एक अट घालून ती आणता येते:

```csharp
if (pool.CountActive >= 60) return;
```

तीसच्या गरजेला साठची मर्यादा पुरेशी सैल आहे. फक्त यानाच्या आणि शत्रूच्या गोळ्यांचे पूल वेगळे ठेवावेत आणि मर्यादाही वेगळ्या घालाव्यात. नाहीतर ऐन धुमश्चक्रीत शत्रू सगळ्या गोळ्या पळवतात आणि खेळणाऱ्याचं बटण दाबलं तरी वाजत नाही.